टक्केवारी छापलीत, ताकद कुठे गेली?

महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला सार्कोपेनियावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात. अर्धं पान स्नायूंच्या टक्केवारीच्या तक्त्यानं अडवलं आहे, घरच्या डिजिटल काट्यावर ती टक्केवारी बघत राहा असा सल्ला आहे, वर रोजची दहा हजार पावलं आहेत. हाताची पकड किती असावी, खुर्चीतून उठायला किती वेळ लागावा, यावर एक ओळ नाही.

1989 साली अमेरिकी पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवलं तेव्हा वयानुसार स्नायू घटणं एवढाच त्याचा अर्थ होता. लेखक तिथेच थांबलेले दिसतात. पुढे कळलं की ताकद स्नायूंच्या वजनापेक्षा जास्त वेगानं उतरते आणि पुढचं परावलंबित्वही तिच्यावरूनच अधिक नेमकं ओळखता येतं. म्हणून युरोपीय तज्ज्ञगटाच्या 2019 च्या सुधारित व्याख्येत ताकद आधी तपासतात, स्नायूंचं मोजमाप त्यानंतर. आशियाई गटाच्या त्याच वर्षीच्या निकषांत मुठीनं दाबायच्या यंत्रावर मोजलेल्या पकडीची मर्यादा पुरुषांना 28 किलो, स्त्रियांना 18 किलो. त्याखाली ताकद कमी समजायची. खुर्चीतून पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा अधिक लागले तरी पुढची तपासणी करायची.

ही खुर्चीची चाचणी कुठल्याही घरात होते, फक्त नीट करायला हवी. खुर्ची भिंतीला टेकवलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची, गादी नसलेली. हात छातीवर दुमडलेले, कारण मांडीवर हात टेकवून उठलं की चाचणी पायांची राहतच नाही. 'सुरू' म्हटल्यावर घड्याळ चालू करायचं आणि पाचव्यांदा पूर्ण सरळ उभं राहताच बंद. पुन्हा बसेपर्यंत ते चालू ठेवलं तर उगाच जास्त वेळ भरतो. आणि गुडघा दुखत असल्यामुळे वेळ लागत असेल तर तो आकडा गुडघ्याचा आहे, स्नायूंचा नव्हे. आपल्याकडे गुडघेदुखी घरोघरी आहे, त्यामुळे अशा वेळी पकड मोजणं अधिक भरवशाचं. निदान दोन प्रयत्न करून घ्यावेत आणि सर्वांत मोठा आकडा धरावा.

आता तुमच्या तक्त्याकडे. समजा, 72 वर्षांच्या एक बाई आहेत. उंची 150 सेंटिमीटर, पकड 15 किलो, पाच वेळा उठायला 16 सेकंद. रोज सकाळी न चुकता फिरायला जातात. शरीरात सौम्य वीजप्रवाह सोडून मोजणाऱ्या यंत्रावर त्यांच्या दोन हातांचे आणि दोन पायांचे मिळून स्नायू 12.4 किलो आले. हा आकडा मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं, म्हणजे 2.25 नं, भागायचा. उत्तर 5.51. या पद्धतीसाठी स्त्रियांची मर्यादा 5.7 आहे. म्हणजे ताकदही कमी, स्नायूही कमी, निदान स्पष्ट.

याच बाईंना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू आहे आणि त्या गोळीनं संध्याकाळी पाय सुजतात, असं धरा. हे यंत्र स्नायू पाहत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते पाहतं आणि त्यावरून स्नायूंचा अंदाज बांधतं. सुजेच्या पाण्यानं आकडा 600 ग्रॅमनं जरी फुगला तरी 13.0 भागिले 2.25, म्हणजे 5.78. बाई कागदावर ठणठणीत! पकड मात्र 15 च्या 15. म्हणून मोजणी सकाळी, सूज नसताना आणि लघवीला जाऊन आल्यावर करतात. पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र वापरायचंच नाही. ही सूचना तुमच्या लेखात ठळक हवी होती, ती मुळातच नाही. क्ष-किरणांनी मोजणारा डेक्सा स्कॅन बरा, पण त्यातही 'लीन मास' येतं, म्हणजे चरबी आणि हाड वजा जाता उरलेलं सगळं, पाण्यासकट. घरचा काटा तर बहुधा फक्त पायांतून प्रवाह सोडतो, हातांचा आकडा सूत्रातून काढतो, आणि तुमचा तक्ता त्याची टक्केवारी मागतो. टक्केवारीची गंमत अशी की चरबी घटली की स्नायू कणभर न वाढताही ती वाढते.

हा हट्ट एवढ्यासाठी की उपचाराचा परिणामही आधी ताकदीतच दिसतो. 1994 मध्ये बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या 100 अशक्त रहिवाशांवरचा डॉ. मारिया फियाटारोने यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87. आठवड्यातून तीन दिवस, दहा आठवडे, पायांचा व्यायाम; वजन, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या 80 टक्के. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी 113 टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची 3. मांडीच्या स्नायूंचा आकार मात्र वाढला जेमतेम 2.7 टक्के. दहा आठवडे काट्याकडे डोळे लावून बसलेला माणूस काय निष्कर्ष काढेल? 'काही फरक नाही', आणि व्यायाम सोडेल.

त्याच प्रयोगात काहींना व्यायामाविना नुसतं पूरक पेय दिलं होतं. त्यानं ना ताकद वाढली ना चालण्याचा वेग. ते निव्वळ प्रथिनांचं पेय नव्हतं, हे मान्य. जेवणात प्रथिनं कमी पडत असतील तर ती भरून काढायलाच हवीत. पण लेखाशेजारीच प्रोटीन पावडरची पाव पान जाहिरात होती, तेव्हा हे सांगणं भाग आहे.

चालणं हृदयाला उत्तम आहे, ते कुणी सोडू नये. पण पायांवर रोज तेवढाच भार पडत असेल तर ताकद वाढायला कारणच उरत नाही. आणि पुरवणीतल्या छायाचित्रातले आजोबा गुलाबी अर्ध्या किलोचं डंबेल उचलून हसताहेत. त्यांना हसू येणारच. भार एवढा हवा की दहा-बारा वेळा केल्यावर आणखी दोन-तीनच जमतील असं वाटावं. वरच्या बाईंनी उंच खुर्चीतून उठण्यापासून सुरुवात करावी, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस विश्रांती. बारा-बारा उठण्याचे दोन फेरे सहज होऊ लागले की खुर्ची ठेंगणी करायची, मग पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ, मग तीन. उठताना श्वास सोडायचा. तो कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर हरकत नाही, पण सांधा सुजला तर भार उतरवायचा. बहुतेकांचं गाडं अडतं ते यात की सहा महिने त्याच दोन किलोंवर राहतात.

वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात वृद्धांच्या ताकदीच्या व्यायामावरचे 121 प्रयोग एकत्र पाहिले, तिथेही चित्र असंच: ताकदीत मोठी वाढ, रोजच्या हालचालींत माफक सुधारणा. तेव्हा सार्कोपेनिया 'पूर्ण बरा होतो' हे तुमचं उपशीर्षकही मागे घ्यावं.

जाता जाता, चौकटीत उद्यानातल्या ओपन जिमची शिफारस केली आहे. तिथल्या बहुतेक यंत्रांवर वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. अशक्त माणसाला ती जड जातात आणि सशक्ताला दोन आठवड्यांत हलकी. महापालिकांनी निविदेत बदलता येणारं वजन ही एक अट घातली तरी पुरे. बसायच्या पाट्या उन्हात तापतात ते वेगळंच.

दुरुस्ती छापणार असाल तर तक्त्याएवढ्याच टायपात छापा. ज्यांच्यासाठी पुरवणी काढता त्यांना शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली