मेन पाडला तरी मीटरचा लाल लाईट थांबत नाही

गुड्डी,

काल तू घरमालकाशी भांडून आली होतीस आणि मी फोनवर उलट तुलाच रागावलो, म्हणून आज लिहून राहिलो. मीटरच्या सीलला आणि खालच्या वायरींना हात लावायचा नाही, एवढं आधी ऐक.

सगळं बंद असूनही लाल लाईट 30 सेकंदांत 10 वेळा लुकलुकतो म्हणजे मीटरच खराब, असं तू म्हणतेस. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय ना, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. 3 सेकंदाला एकदा म्हणजे 375 वॅट, दिवसाचे 9 युनिट. टीव्हीचा डबा 10 वॅट खात असेल तर लाईट जवळपास 2 मिनिटांनी एकदा लागेल, म्हणजे तो नाही. इन्व्हर्टर किंवा गच्चीवरची मोटर असती तर मेन पाडल्यावर थांबला असता, तो थांबला नाही तिथंच मी अडकलो.

फोटोत तुझा मेन एकाच खटक्याचा दिसतो. तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि हल्लीचे बरेच मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघून जो जास्त असेल तो मोजतात, चोरी पकडता यावी म्हणून. वरचे नवीन भाडेकरू आले तेव्हा वायरिंग झालं होतं ना? त्यांचा न्यूट्रल जिन्यातल्या डब्यात तुझ्या न्यूट्रलला जोडला गेला असेल, तर त्यांच्या कूलरचा करंट तुझ्या मीटरमधून परत जातो आणि तुझं घर बंद असूनही आकडा पळतो.

म्हणून सांगतो, मेन पाडला म्हणजे वायर मेली असं नाही, असला न्यूट्रल सुटला की जोरात झटका देतो. पुन्हा लेक्चर झालं, राग मानू नको बेटा. सक्करदऱ्याच्या घरी ओल्या हातानं तू कूलरची जाळी धरली होतीस, आईनं चप्पल घालून तुला ओढलं, ते अजून डोळ्यासमोर येतं. तू सेकंद मोजून वेग सांगितलास हे मात्र मी आईला दोनदा ऐकवलं.

तुझा मेन पाडलेलाच ठेव, वरच्या ताईंना 5 मिनिटं त्यांचा मेन पाडायला सांग, तू फक्त लाईट बघ. थांबला तर बहुतेक न्यूट्रल मिसळलाय, ते वायरमनचं काम, खर्च मालकाचा. मामा येतो म्हणतो, त्याला येऊ दे, एकटीनं डबा उघडू नको. नाही थांबला तर बाजूच्यांचाही तसाच बघायचा, मग लाईनमनला बोलवायचं. तो मीटरमधून घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवेल, त्यानंतरही लुकलुकला तरच मीटर खराब. मग टेस्टिंगचा अर्ज दे, आणि त्यात किती सेकंदांत किती वेळा लुकलुकला तेही लिही.

बाबा