शिट्टी धाकटीच्या गळ्यात घातलीत, काका

सायकलवाले काका, सप्रेम नमस्कार.

गावच्या शाळेच्या वाचनालयासाठी आम्ही घरची मंडळी सातारा ते सांगली सायकलनं जाऊन आलो. लोकांनी पैसे भरभरून दिले, त्यांचे आभार मानून झाले. तुमचे राहिलेत, आणि ते चारचौघांतच मानायचे आहेत.

तुमच्या आधी आम्ही एका नामांकित सायकलपटूंकडे गेलो होतो. त्यांनी दोन मिनिटांत बेत काढून दिला: पहिल्या दिवशी हायवेनं कराड, दुसऱ्या दिवशी सांगली. आत्या बासष्टची, धाकटी दहाची, असं सांगितलं तर म्हणाले, "त्यांना टेम्पोत बसवा." मग घरची सफर कसली?

तुम्ही नकाशा उघडलाच नाहीत. आधी आत्याला आणि धाकटीला दोन तास सायकल चालवायला लावलीत. पहिल्या तासात 10 किलोमीटर झाले, दुसऱ्यात जेमतेम 8. "पहिल्या तासावर बेत आखला की दुपारी माणसं रस्त्यात बसतात," म्हणालात, आणि सगळा हिशेब दुसऱ्या तासाच्या वेगावर मांडलात. दोन दिवसांचे चार झाले. पहिला मुक्काम रहिमतपूर, तीसच्या आतच. आम्हाला वाटत होतं, पाय ताजे आहेत तर पहिल्या दिवशीच जास्त कापावं. पण बसायची जागा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखते, हे खरं निघालं. दुसरा दिवस लांबचा, म्हणून तो तुम्ही मधेच मोडलात: सकाळी मसूर, जेवण, आडवं होणं, आणि ऊन उतरल्यावर कराड. तिसऱ्या दिवशी पेठनाका, चौथ्या दिवशी आष्ट्यावरून सांगली.

थांबा पाऊण तासाला, दहाच मिनिटांचा. जास्त बसलं की पाय आखडतात. जागा निवडताना चहाच्या टपऱ्या बाजूला ठेवून बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलंत. आत्या म्हणाली, हे आजवर कुणा पुरुषानं विचारलं नव्हतं. ती वाटेत पाणी प्यायला घाबरली नाही, ते यामुळे.

आणि ती शिट्टी. निघायच्या आदल्या दिवशी गल्ल्यातून काढून, दोरी ओवून धाकटीच्या गळ्यात घातलीत. "सगळ्यात पुढं तू. तू वाजवलीस की सगळी थांबणार, बाबासुद्धा." मला आधी गंमत वाटली. मग मसूरच्या अलीकडे मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. पुतण्या मागं असल्यामुळे त्यानं ओरडून सांगितलं, धाकटीनं शिट्टी फुंकली आणि सगळी रांग रस्त्याखाली उतरून उभी राहिली. जोरकस मंडळी पुढं निघून गेली असती तर आत्या आणि ती, दोघीच मागं सापडल्या असत्या.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. वर वाचनालयाच्या डब्यात नोट टाकलीत, आणि पावती नको म्हणालात. असली माणसं साताऱ्यात अजून आहेत, बरं वाटतं.

पुढच्या जानेवारीत सांगलीहून औदुंबरला जायचं घाटतंय. काकूंनाही विचारून ठेवा. त्यांच्या वेगाचा हिशेब आम्ही काढू.

आपला,
धाकटीचा बाबा, सातारा