वेळेवर उठतो तो फक्त टीव्ही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: On Timer लावूनही ठरवलेला चॅनेल न लागणे. पाचवी तक्रार.

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. चाळीस मिनिटं गेली, त्यातली निम्मी तुमची धून ऐकण्यात. On Timer म्हणजे काय हे समजावत बसत नाही. ते तुम्हीच बनवलं आहे.

मी ते गजर म्हणून वापरते. मोबाइलचा गजर मी झोपेतच बंद करते. टीव्ही हाताला लागत नाही आणि बातम्या सुरू झाल्या की उठावंच लागतं. वेळ ५:४५, सोमवार ते शुक्रवार, आवाज २०, Source मध्ये सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय. खालची Channel ची ओळ करडी पडली, बोटं दुखेपर्यंत दाबली तरी उघडेना. का, ते मेनूत कुठेही लिहिलेलं नाही.

टीव्ही रोज ५:४५ ला चालू होतो, अगदी मिनिटाला. पडद्यावर No Signal, आवाज काहीच नाही, आणि पंधरा मिनिटांनी सिग्नल नाही म्हणून तो आपणहून बंद. मला जाग येते तेव्हा घरात सामसूम. पहिले दोन आठवडे मला वाटत होतं की टायमर चालतच नाही.

आता आजचं संभाषण. जसं झालं तसं लिहिते.

“मॅडम, टीव्ही चालू होतो का?”
“होतो, पण चॅनेल लागत नाही.”
“तुम्ही बघितलं का चालू होताना?”
“मी झोपलेली असते. म्हणून तर टायमर लावलाय.”
“मग मॅडम, उद्या ५:४५ ला जाग्या राहून बघा, स्क्रीनवर काय येतं ते, आणि आम्हाला कळवा.”

मी दोनदा विचारलं की आपण काय बोललात ते आपल्याला ऐकू आलं का. त्यांनी शांतपणे तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. गजर वाजतो का हे पाहायला गजराच्या आधी उठायचं! त्यासाठी मला मोबाइलचा गजर लावावा लागेल, हेही सांगितलं. उत्तर आलं, “हो मॅडम, ते चालेल.”

तुमच्या माणसांनी करायचं काम मग मीच केलं. एका रात्री बॉक्स चालू ठेवून झोपले. सकाळी पुन्हा No Signal, कारण चार तास रिमोटला हात लागला नाही की बॉक्स आपणहून झोपतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण रात्री शेवटचा बघितलेला चॅनेल लागला आणि सव्वासहापर्यंत मी मालिकेतलं भांडण ऐकत पडले. म्हणजे तुमचा टीव्ही फक्त बॉक्सचं दार उघडतो. आत कुठला चॅनेल आहे हे त्याला कळत नाही, बदलता तर मुळीच येत नाही. चॅनेल निवडता येतो तो टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवरच. एका मैत्रिणीच्या घरी अँटेनाची वायर थेट टीव्हीला लावली आहे. तिथे तुमच्याच टीव्हीवर Source मध्ये अँटेना निवडला आणि Channel ची ओळ लगेच उघडली. सकाळी हवा तोच चॅनेल लागला. दोन तासांत कुणी रिमोटला हात लावला नाही तर टीव्ही पुन्हा बंद होतो, पण ते मला चालेल. दोन तासांत मी उठते.

चॅनेल फक्त टीव्हीच्या ट्यूनरवर निवडता येतो, हे एक वाक्य पाच फोनांत एकालाही सांगता आलं नाही? एकाने फॅक्टरी रीसेट करायला लावलं. एकाने वीज वाचवायला रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचा सल्ला दिला, म्हणजे टायमर पाळायला आतलं घड्याळही जागं राहायला नको. तिसऱ्याने “मोबाइल नाहीये का तुमच्याकडे?” असं विचारलं.

तुमच्या माहितीपत्रकात छापलं आहे: ठरलेल्या वेळी, ठरलेला चॅनेल. कुठेही तारांकन नाही, “सेट-टॉप बॉक्स असल्यास लागू नाही” असं नाही. ते वाचून मी हा टीव्ही घेतला. आणि परत सांगते, ती करडी ओळ का करडी आहे हे त्या ओळीखाली लिहायला किती जागा लागते?

आधीचा टीव्हीही तुमचाच होता, बारा वर्षं चालला. त्याला अँटेनाची वायर होती आणि त्याने मला एकदाही झोपू दिलं नाही. म्हणून दुसरीकडे बघितलंही नाही, माझीच चूक.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं: एकतर बॉक्सवरचा चॅनेल लागेल अशी सोय द्या, नाहीतर टीव्ही परत घ्या. फोन करू नका. उत्तर आलं नाही तर माहितीपत्रक घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तिथली तारीख सकाळची पडली, तर उठवायला तुमच्या त्या कर्मचाऱ्याला पाठवा. त्यांना जागं राहायचं महत्त्व कळतं.

आपली (अजून तरी) ग्राहक