रूपासाठी कोंडलेला श्वास

महोदय,

पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉग यांच्या चपट्या तोंडाची हौस वाढली, तसा हा चेहरा आणखी चपटा करणाऱ्या पैदाशीलाही जोर आला. एक पशुवैद्य म्हणून माझं मत ठाम आहे. निव्वळ रूपासाठी अशी पिल्लं जन्माला घालणं अनैतिक आहे, कारण इथे रूप आणि आजार या वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत.

त्या चेहऱ्याच्या आत काय असतं ते पाहा. पिढ्यानपिढ्या निवड करून कवटीचं हाड आखूड केलं गेलं, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखडलं नाही. जीभ, मऊ टाळू, नाकातल्या घड्या हे सगळं अपुऱ्या जागेत कोंबलं गेलं. नाकपुड्या नीट उघड्या असायच्या, त्याऐवजी अनेकदा उभी फट तेवढी दिसते. लांबलेला टाळू स्वरयंत्राच्या तोंडावर येतो. कुत्र्याला जोर लावून श्वास ओढावा लागतो, त्या ओढीने आतला मऊ भाग खेचला जातो, सुजतो आणि वाट आणखी अरुंद होते. वर्षानुवर्षं हेच चाललं की स्वरयंत्राची कूर्चासुद्धा आत ढासळू शकते. म्हणजे हा त्रास वयाबरोबर वाढत जातो. त्यात कुत्र्याला अंग थंड ठेवायला घामाचा उपयोग फारसा नसतो, धाप हाच त्याचा मुख्य उपाय. नेमकी तीच वाट अडवलेली असल्याने उन्हात किंवा थोड्या खेळानंतरही असा कुत्रा जिवावरच्या संकटात सापडू शकतो.

सगळ्यात वाईट म्हणजे हे दुखणं घरच्यांना दुखणं वाटत नाही. कुत्रा घोरतो, तर ‘या जातीचे घोरतातच’. तो बसल्या बसल्या झोपतो, हनुवटी उंच टेकवून किंवा तोंडात खेळणं धरून झोपतो, त्याचे व्हिडिओ कौतुकाने पाहिले जातात. वास्तविक तो श्वासाची वाट उघडी ठेवायची धडपड करत असतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०१२च्या अभ्यासात, श्वसनाच्या त्रासाची स्पष्ट लक्षणं असलेल्या कुत्र्यांपैकी ५८ टक्के कुत्र्यांच्या मालकांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही असं सांगितलं होतं. ही माणसं निर्दयी नव्हती. त्यांना लक्षणच स्वभाव वाटत होतं.

‘माझा कुत्रा तर मजेत आहे’ या उत्तरावर म्हणूनच विसंबता येत नाही, तपासावं लागतं. केंब्रिज विद्यापीठाने विकसित केलेली एक साधी चाचणी आहे, ब्रिटनच्या केनेल क्लबने ती २०१९मध्ये लागू केली. आधी शांत कुत्र्याच्या गळ्यावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा, मग त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि पुन्हा ऐकायचं. समजा, एक दोन वर्षांचा पग बसल्या जागी जवळजवळ निःशब्द श्वास घेतोय. तीन मिनिटांनी तोच घरघरतो, छाती-पोट जोराने आत ओढतो. पळवलंच नसतं तर तो निरोगी ठरला असता. श्रेणी शून्य ते तीन अशी असते. तिसऱ्या श्रेणीतल्या कुत्र्याला पैदाशीसाठी वापरूच नये.

काहीजण म्हणतात, शस्त्रक्रिया आहे ना. आहे. नाकपुड्या रुंद करता येतात, टाळू छाटता येतो आणि बऱ्याच कुत्र्यांना खरोखर आराम पडतो, जरी सगळं सामान्य होत नाही. पण कापलेला टाळू पिल्लांत उतरत नाही, जनुकं उतरतात. शस्त्रक्रिया करून बऱ्या दिसणाऱ्या कुत्र्यापासून पिल्लं घेणं म्हणजे गिऱ्हाइकापासून दोष लपवणं.

या जाती नाहीशा व्हाव्यात असं मला मुळीच वाटत नाही, त्यांचा मायाळूपणा मी रोज पाहतो. पण आजचा चपटेपणा हीच त्यांची ओळख, हे खरं नाही. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४५मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवला, त्याला चांगलं दिसण्याइतकं नाकाड आहे. नेदरलँड्सने २०१९मध्ये फारच आखूड नाकाडाच्या कुत्र्यांची पैदास रोखली. कवटीच्या निम्म्याइतकं तरी नाकाड हवं, हे तिथलं लक्ष्य. नुसती लांबी पुरेशी नाही, कारण सारख्याच लांबीचे दोन कुत्रे वेगवेगळा श्वास घेऊ शकतात. म्हणून मोजमाप आणि चाचणी दोन्ही हवीत, आणि जातीत निरोगी कुत्रे पुरेसे उरले नसतील तर लांब नाकाच्या दुसऱ्या जातीशी संकर करायला हवा. वंशशुद्धीच्या नावाखाली त्याला विरोध होतो. श्वासापेक्षा वंशावळीचा कागद मोठा मानणारा हा विरोध मला मान्य नाही.

आज घरात असलेल्या कुत्र्यांच्या मालकांनी अपराधी वाटून घेऊ नये. त्यांनी वजन आटोक्यात ठेवावं, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा आणि घोरणं डॉक्टरांना ऐकवावं. नवं पिल्लू घेणाऱ्यांनी मात्र आई-बापाची श्रेणी विचारावी आणि दोघांनाही आपल्यासमोर तीन मिनिटं पळवायला सांगावं. ब्रीडर टाळाटाळ करू लागला, तर ते पिल्लू घेऊ नये.

आपला,
एक पशुवैद्य वाचक