मिटलेलं प्रकरण माझ्या मुलाच्या दाखल्यावर आलंच कसं?

मा. महिला व बाल विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे आपल्याच खात्यात राबते. पत्रात माझं, गावाचं आणि मुलाचं नाव नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि आई कळली की मुलगा कळलाच. मला पाळता येतो तो कायदा पोलीस ठाण्याला का पाळता येत नाही, हे विचारायला हे पत्र.

गेल्या आठवड्यात मुलाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आला. आयटीआय करून तो फिटर झालाय, गोव्यात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्याची निवड झालीय. दाखल्यावर लिहिलंय, ‘गुन्हा दाखल’. खाली गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं., आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं चोरीचं कलम 379. कारखान्याने कागद परत पाठवला. बाल न्यायाच्या जुन्या नोंदी दाखल्यांवर येणार नाहीत, असा शब्द जिल्ह्याच्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आम्हा सेविकांसमोर दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

काय केलं होतं त्याने? 2022 चा एप्रिल. वाडीतल्या पोरांना टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेत उतरायचं होतं आणि प्रवेश फी कमी पडत होती. तिघांनी मिळून जेटीवर ठेवलेला डिझेलचा कॅन उचलला. तिघंही अठराच्या आतले, माझा पंधरा वर्षांचा. कॅन दुसऱ्या दिवशी जाळ्यांच्या ढिगामागे सापडला आणि नौकामालक घेऊनही गेले. चोरी ती चोरीच, मी तिची बाजू घेत नाही. घरी त्याला बोलणी बसली ती बसलीच. पण पुढे जे झालं ते कायद्यात कुठे बसतं ते सांगा.

कलम 379 ला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. बाल न्याय कायद्याच्या हिशोबात हा किरकोळ अपराध. अशा वेळी, सोबत कुणी प्रौढ नसेल तर, एफआयआर नोंदवायचाच नाही. त्या कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 8 तेच सांगतो: स्टेशन डायरीत नोंद करा, मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती घेऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करा आणि तो बाल न्याय मंडळापुढे ठेवा. आमच्याकडे आधी एफआयआर झाला. अहवालासाठी माझ्या दारात कुणी आलंच नाही. तो कुठल्या शाळेत जातो हेसुद्धा कुणी विचारलं नाही. आजचा गु.र.नं. त्या दिवशी जन्माला आला. त्या रात्री डायरी लिहिली असती तर आज दाखल्यावर लिहायला नंबरच नसता.

रात्रभर त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवला, समोर खाकी वर्दीतली माणसं. मुलाशी बोलताना साध्या कपड्यात असावं, हेही त्याच नियमांत आहे. दुसऱ्या दिवशी मंडळापुढे नेलं तर जामीनदार मागितला. कलम 12 म्हणतं, जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडा. सुटून तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं तरच अडवा. ‘गरीब आईकडे सातबारा नाही’ हे कारण त्यात नाही. जामीनदार मिळेपर्यंत तो निरीक्षणगृहात. घरी आला तेव्हा एवढंच म्हणाला, “आये, माका परत थंय नेव नको.”

मे 2024 मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघं गेले आणि त्या मुलाला निबंध लिहायला सांगून काही तासांत जामीन झाला. अख्खा महाराष्ट्र ओरडला, की हा कायदा पोरांचे लाड करतो. मी तेव्हा टीव्हीसमोर रडले. मुलाला कोठडीबाहेर ठेवणारं कलम चुकीचं नाही. ते कलम माझ्या मुलासाठी त्याच दिवशी का उघडलं नाही, हे चुकीचं आहे.

साहेब, मुलांचा कायदा वेगळा का, हे मी पोरं सांभाळणारी बाई म्हणून सांगते. पंधराव्या वर्षी चोरी वाईट हे कळतं. कळलेलं वेळेवर आठवून, मित्र बघत असताना हात मागे घेणं जमत नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणून कायदा पायरी पायरीने जबाबदारी टाकतो. सात वर्षांच्या आत गुन्हाच नाही. सात ते बारामध्ये, केलेल्याचा अर्थ त्याला कळत होता का ते पाहायचं. अठरापर्यंत मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असं गृहीत धरून चालायचं. मोठ्या माणसाच्या खटल्यात कोर्ट विचारतं, केलं का, आणि मग शिक्षा किती. मंडळाने विचारायचं, का केलं, आणि पुन्हा करू नये म्हणून काय लागेल. समज, समुपदेशन, समाजसेवा, आणि सुधारगृह सगळ्यात शेवटी. सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याची समज तपासून प्रौढासारखा खटला चालवायची वाट 2015 च्या कायद्यातच आहे. डिझेलच्या कॅनसाठी ती वाट नाही.

चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, फार तर आणखी दोन. किरकोळ अपराधात तेवढ्यातही संपली नाही तर कलम 14 प्रमाणे प्रकरण तिथेच बंद होतं. आमचं वर्ष उलटून गेलं तरी चालू होतं. कधी सदस्य नाहीत, कधी पोलिसांचे कागद नाहीत. प्रत्येक तारखेला माझं मानधन कापलं जायचं आणि एसटीचे पैसे वेगळे. दहावीचं वर्ष त्याने असंच काढलं. शेवटी प्रकरण बंद झालं. दोषी ठरवणारा आदेश नाही, काही नाही.

आणि आता हा दाखला. कलम 74 च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट लिहिलंय, की प्रकरण बंद झालं किंवा निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी वा आणखी कशासाठीही मुलाची नोंद उघड करायची नाही. कलम 24 तर म्हणतं, दोषी ठरलेल्या मुलालासुद्धा त्या निकालामुळे पुढे कुठली अपात्रता येणार नाही. माझा तर दोषीही ठरला नाही. ठाण्यात विचारलं तर उत्तर मिळालं, “ताई, कॉम्प्युटरवर नाव आलं की आम्हाला लिहावंच लागतं.” प्रकरण बंद झाल्याचा आदेश मी पुढे केला, तो त्यांनी वाचलासुद्धा नाही.

मी दर महिन्याला गावातल्या प्रत्येक पोराचं वजन शासनाच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरते. एक नोंद चुकली तर वरून फोन येतो. सहा वर्षांपर्यंत शासनाला पोराचा ग्रॅम न् ग्रॅम माहीत असतो, आणि पंधराव्या वर्षी त्याच पोराचा फक्त गु.र.नं.? आम्हाला कर्मचारी म्हणायचं नाही, मानसेवी म्हणायचं. पोरांना बालक म्हणायचं आणि वागवायचं सराईतासारखं. सगळा कारभार कागदावर वेगळा आणि खिडकीवर वेगळा, आणि खिडकीपुढे नेहमी आमच्यासारखेच उभे.

मागणं एवढंच. गृह खात्याशी बोलून प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश काढा, की घटनेच्या दिवशी अर्जदार अठराच्या आत होता का, हे जन्मतारखेवरून तपासल्याशिवाय दाखल्यावर एक अक्षर लिहायचं नाही. प्रकरण बंद होताच मंडळाचं पत्र ठाण्यात जाऊन संगणकावरची नोंद दाखल्याच्या शोधातून निघाली पाहिजे, आणि ती काढली हे मंडळाला लेखी कळलं पाहिजे. जिथे किरकोळ अपराधात एफआयआर झाला तिथे का झाला, याचा जबाब घ्या.

आणि माझ्या मुलाचा दाखला दुरुस्त करून द्या. कारखान्याने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवलीय. अर्जाचा क्रमांक आणि बंद प्रकरणाच्या आदेशाची प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने वेगळी पाठवली आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका