‘तरंगलांबी वाढते म्हणून वेग वाढतो’ हे उत्तर चूक का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हवेपेक्षा पाण्यात ध्वनीचा वेग जास्त का असतो?’ या प्रश्नाला नववी-दहावीची हुशार मुले पुष्कळदा असे उत्तर लिहितात : ‘माध्यम बदलले तरी ध्वनीची वारंवारिता बदलत नाही. वेग = वारंवारिता × तरंगलांबी. पाण्यात तरंगलांबी वाढते, म्हणून वेग वाढतो.’ त्यावर फुली बसली की पालक विचारतात, यातले खोटे काय आहे? सुटी सुटी वाचली तर तिन्ही विधाने बरोबरच आहेत. चुकला आहे तो ‘म्हणून’ हा एक शब्द.

वारंवारितेबद्दल मुलाने लिहिले ते पक्के आहे. ५०० हर्ट्‌झचा नादकाटा वाजला तर पाण्याच्या पृष्ठभागावर सेकंदाला ५०० वेळा हवेचा दाब वाढतो आणि कमी होतो. पृष्ठभाग तितक्याच वेळा खाली-वर होतो आणि खालच्या पाण्याला तितकेच धक्के देतो. ४९० धक्के पुढे गेले असते तर उरलेले दहा सीमेवर साठत राहिले असते, आणि तसे होत नाही.

आता तरंगलांबी. ती म्हणजे एका कंपनाच्या वेळात तरंग जेवढा पुढे सरकतो ते अंतर. ५०० हर्ट्‌झला हा वेळ ०.००२ सेकंद. हवेत ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने तेवढ्यात ६९ सेंटिमीटर कापले जातात, तर पाण्यात १४८० मीटर प्रतिसेकंद वेगाने २.९६ मीटर. म्हणजे वेग जास्त आहे म्हणून तरंगलांबी वाढली. मुलाने कार्यालाच कारण ठरवले.

ही गफलत ओळखायची सोपी खूण आहे. तरंगलांबीवर वेग ठरत असता तर एकाच हवेत ढोलाचा लांब तरंगलांबीचा घुमारा आधी आणि ताशाची आखूड तरंगलांबीची तडतड मागून ऐकू आली असती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले तरी दोन्ही एकत्रच पोचतात, ठेका विस्कटत नाही. सूत्रातली वारंवारिता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी होते आणि वेग जिथल्या तिथे राहतो. हे सूत्र तीन राशींचा हिशेब जुळवते, पण वेग कशामुळे आला ते सांगत नाही.

वेग ठरतो माध्यमाच्या दोन गुणांवर : ते दाबायला किती कठीण आहे आणि किती जड आहे. पहिल्या गुणाला दुसऱ्याने भागून वर्गमूळ घेतले की वेग मिळतो. पाणी हवेच्या सुमारे ८३० पट दाट आहे, आणि एवढ्यावरून वेग कमीच व्हायला हवा, कारण जड कण हलायला वेळ घेतात. पण पाणी दाबणे हवेपेक्षा सुमारे १५,५०० पट कठीण आहे. १५,५०० भागिले ८३० म्हणजे जवळपास १८.७, त्याचे वर्गमूळ ४.३, आणि ३४३ गुणिले ४.३ म्हणजे साधारण १४८०. प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

म्हणूनच तपासणाऱ्यांनाही एक विनंती. ‘पाणी हवेपेक्षा दाट असल्यामुळे वेग जास्त’ या उत्तरावर अनेकदा पूर्ण गुण पडतात. तेही चूक आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठी चूक, कारण त्यात परिणामाची दिशाच उलटी होते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट दाट असूनही त्यातला वेग सुमारे १४५० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे पाण्यापेक्षा थोडा कमीच आहे. दोन गुणांचा प्रश्न असेल तर वारंवारितेबद्दल बरोबर लिहिणाऱ्याला शून्य देऊ नये असे वाटते. पण ती वारंवारिता विचारलेलीच नव्हती, तेव्हा पूर्ण गुणही देता येणार नाहीत. नुसत्या फुलीऐवजी ‘म्हणून’खाली रेघ ओढली, तर चूक कुठे झाली ते मुलाला तिथेच दिसेल.

मुलाने दोनच वाक्ये लिहावीत : ‘पाणी हवेपेक्षा जास्त दाट असले तरी दाबायला त्याहून कितीतरी अधिक पटींनी कठीण असते, म्हणून त्यात ध्वनीचा वेग जास्त असतो. वारंवारिता स्रोताने ठरलेली असल्याने या वाढलेल्या वेगामुळे तरंगलांबी वाढते.’

एक अपवाद वाटेल असे उदाहरण मुले हमखास काढतात, ते बासरीचे. बासरीत तरंगलांबी नळीच्या लांबीने बांधलेली असते. आतली हवा २० अंशांवरून ३५ अंशांवर गेली तर वेग सुमारे अडीच टक्के वाढतो आणि ४४० हर्ट्‌झचा सूर ४५१ च्या आसपास चढतो. इथे वारंवारिता बदलली, कारण नळीतली हवा हाच स्रोत आहे आणि स्रोतच बदलला. एकदा बाहेर पडल्यावर तो सूर पाण्यात शिरो की भिंतीत, ४५१ चाच राहतो.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सांगली