आत्यांना काय उत्तर द्यावे

नाशिक,
१८ एप्रिल

प्रिय सुमेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. अकोल्याच्या उन्हात साडेतीन महिन्यांची लेक, घरात मुक्कामाला आलेल्या अनिकेतच्या आत्या, आणि दिवसातून चार वेळा ‘लेकराला घोटभर पाणी पाज, गुटीत मधाचे बोट फिरव’ हा आग्रह, हे सगळे वाचून तुझी घालमेल समजली. आत्यांचे मन मोडायचे नाही आणि बाळाच्या बाबतीत मागेही हटायचे नाही, असे तू लिहितेस. हे दोन्ही साधता येते असे मला मनापासून वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम कशाला नाही म्हणायचे ते तू आणि अनिकेतने बसून ठरवावे, कारण सगळ्याच गोष्टींना नकार दिला की खरोखर महत्त्वाचा नकारही हट्टासारखा दिसू लागतो. माझ्या मते तुमचे नकार तीनच असावेत. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नाही आणि डोळ्यांत काजळ नाही. टोपडे घालणे, मालिशला कोणते तेल घ्यावे, तिन्हीसांजेला दृष्ट काढणे, तीट कानामागे लावणे, यांत आत्यांचे खुशाल ऐकावे, आणि ऐकताना ते आनंदाने ऐकावे. ज्या बाईचे चार शब्द दिवसभरात मानले गेले आहेत, तिला पाचव्या शब्दाला मिळालेला नकार फारसा लागत नाही.

मधाचे कारण तुला ठाऊक असेल, तरी लिहिते. मधात बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरी उकळूनही ते मरत नाहीत, आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यांत ते वाढून विष तयार करू शकतात. असे क्वचितच घडते. पण घडले की बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणे क्षीण होते, ओढून दूध पिता येत नाही, अंग सैल पडते. पाण्याचे कारण वेगळे आहे. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे उन्हाळ्यातही वेगळ्या पाण्याची गरज नसते. उलट पाण्याने पोट भरले की दूध कमी जाते, आणि पाणी किंवा वाटी-चमचा स्वच्छ नसेल तर जुलाब लागण्याची भीती असते.

आता मुख्य मुद्दा. ही कारणे आत्यांना सांगत बसू नकोस. तू एक कारण दिलेस की त्या दुसरे देतील, आणि ‘आमची चार मुले याच गुटीवर वाढली, त्यांना काय झाले?’ या वाक्याला तुझ्याकडे सभ्य उत्तर उरणार नाही. ‘तेव्हा कितीतरी बाळे दगावायची’ हे उत्तर ओठांवर येते; ते कधीही देऊ नये. १९७१ साली आपल्या देशात हजार जन्मांमागे १२९ बाळे वर्षाची होण्याआधीच जात असत. त्या पिढीतील पुष्कळ बायकांनी स्वतःचे किंवा जावेचे, बहिणीचे मूल असे गमावलेले आहे, आणि आत्यांच्या आग्रहामागे तीच धास्ती असू शकते. त्या पाणी म्हणतात तेव्हा बाळाला ऊन बाधेल असे त्यांना भय वाटत असते. म्हणून उत्तर आधी त्या भयाला द्यावे, सल्ल्याला मागाहून आणि अगदी थोडक्यात.

समज, दुपारी चार बायका बसलेल्या असताना आत्या म्हणाल्या, “अगं, एवढ्या उन्हात लेकरू कोरडं ठेवतेस?” तर तू म्हणावेस, “आत्या, उन्हाची काळजी मलाही वाटते. म्हणून दूध जरा लवकर लवकर देते. पाणी मात्र सहा महिन्यांनंतरच सुरू करायचं आम्ही ठरवलंय.” एवढेच बोलून थांबावे. ‘पण’ने सुरू होणारे वाक्य जोडू नये आणि आवाज चढवू नये. लगेच त्यांना काहीतरी खरेच विचारावे, म्हणजे “मानेला घामोळं आलंय, तुमच्याकडे त्यावर काय करायचे?” असे. त्या पुन्हा म्हणाल्या तर पुन्हा हेच वाक्य, याच शब्दांत सांगावे. शब्द बदलले की निर्णय अजून पक्का झालेला नाही असे समोरच्याला वाटते आणि तो आणखी जोर लावतो.

शब्दांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्यांना अधिक पटेल. ओले लंगोट बदलायचे काम दोन दिवस त्यांच्याकडेच सोपव. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील आणि लघवी फिकट असेल, तर बाळाला पाणी पुरते आहे असे समजावे. सकाळपासून तिसरा लंगोट स्वतःच्या हाताने दोरीवर वाळत घातला की ‘कोरडं’ हा शब्द त्यांच्या तोंडी आपोआप कमी येईल. उलट लंगोट खरोखरच कमी ओले होऊ लागले, लघवी गडद पिवळी दिसली किंवा बाळ मरगळले, तर आत्यांचे भय खरे मानून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तिथे मानापमान आणू नये.

‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे वाक्य त्या तीन गोष्टींसाठीच राखून ठेव. टोपड्यासाठीही डॉक्टर पुढे केले की मधाच्या वेळी त्यांचे वजन उरत नाही. शक्य असेल तर पुढच्या लसीच्या वेळी आत्यांना सोबत ने आणि मधाचा प्रश्न त्यांनाच विचारू दे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी काही पाठवले तर तिथे खंडन करू नकोस. वीस नातेवाइकांसमोर खोडलेले बोलणे कुणी विसरत नाही. नमस्कार करावा आणि विषय घरात, एकटे असताना काढावा.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडे नसावी. तुझी पाठ फिरताच त्यांनी गुटीत मध घातल्याचे लक्षात आले, तर बोलायचे ते अनिकेतने. सुनेने म्हटलेले उद्धट ठरते तेच भाच्याने म्हटले की लाडाचे ठरते. जेवणे झाल्यावर, कुणी जवळ नसताना त्याने म्हणावे, “आत्या, वर्षभर मध नको. एवढं माझं ऐक.” आधी झाले त्याचा जाब विचारू नये; बाळावर लक्ष ठेवून डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्यानंतरही तसेच झाले, तर गुटीची सहाण उचलून ठेवायची आणि बाळाला त्यांच्याजवळ एकटे सोडायचे नाही. मग त्या रुसल्या तरी चालेल. सौजन्याने जमेल तेवढेच जमते, आणि बाळाच्या जिवाशी गाठ असेल तिथे रुसवा सोसावा.

तसे होईल असे मला वाटत नाही, कारण नुसत्या ‘नाही’पेक्षा ‘इतक्या तारखेला’ हे उत्तर माणसे सहज स्वीकारतात. लेकीला जूनअखेरीस सहा महिने पूर्ण होतील. तेव्हा उष्टावण करालच. आजच आत्यांना सांग, “उष्टावणाला तुम्ही यायचंच, आणि पाण्याचा पहिला घोट तुमच्या हातून द्यायचा.” चांदीची वाटी कुठली काढायची हेही त्यांनाच विचार.

अनिकेतला नमस्कार, लेकीला गोड पापा. आत्या काय म्हणाल्या ते सवडीने कळव.

तुझीच,
मेघना